काल तर बरे दिसत होतात!

आपल्या कार्यालयांत आजारपणाची एक ठरलेली प्रतिमा आहे. आजारी माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत सारखाच आजारी असला पाहिजे, त्याने लंगडलं पाहिजे, आणि विश्रांती घेतल्यावर त्याला बरं वाटलं पाहिजे. या साच्यात जो बसत नाही तो ढोंगी. माझा आजार या साच्याच्या नेमका उलटा आहे, त्यामुळे गेली काही वर्षं मी हे ढोंगीपण पगारी नोकरीसारखं निभावतो आहे.

आजाराचं नाव अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस. पाठीचा कणा जिथे कमरेच्या हाडांना मिळतो तिथल्या सांध्यांना आतून सूज येते. बहुतेकांना तो ऐन तारुण्यात गाठतो. साधी पाठदुखी काम केल्याने वाढते आणि आडवं झाल्यावर कमी होते. इथे उलट घडतं. रात्री उत्तरार्धात दुखून जाग येते, सकाळी पाठ लाकडासारखी ताठ असते, बुटाची नाडी बांधणं हे एक काम होऊन बसतं. तास-दीड तास हालचाल केली, गरम पाण्याने अंघोळ केली की सांधे सुटू लागतात. दुपारी मी जिना चढतो, चहाला जातो, हसतो. पुन्हा दोन तास खुर्चीत बसलो की उठताना कंबर धरते.

आता सहकाऱ्यांच्या नजरेने बघा. सकाळी पावणेदहाला हा माणूस भिंतीला धरून येतो, दुपारी तीनला व्हरांड्यात येरझारा घालतो. 'सकाळी काम असतं तेव्हाच दुखतं बरं याचं.' व्हरांड्यातल्या त्या येरझारा हे माझं औषध आहे, पण बघणाऱ्याला तो कामचुकारपणाचा पुरावा वाटतो. शंका घेणारे सगळेच दुष्ट असतात असं मी म्हणत नाही. ते पुरावा चुकीच्या जागी शोधतात, एवढंच. एक्स-रे दाखवा म्हणतात. या आजारात सुरुवातीची अनेक वर्षं एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, सूज आधी एमआरआयमध्ये दिसते. एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी बहुतेक रुग्णांत होकारार्थी येते, पण ती कितीतरी ठणठणीत माणसांतही होकारार्थी येते. सांधेविकारतज्ज्ञ हे सगळं एकत्र ठेवून, सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो हे विचारून निदान करतात. ते काम बाजूच्या टेबलावरून चष्म्याच्या वरून बघून होत नाही.

एक शेरा मात्र खास माझ्या वाट्याचा. 'शेखभाऊ, जुम्म्याला नमाजला वाकता येतं, मग खालच्या खणातला गठ्ठा काढायला काय होतं?' विचारणारे गृहस्थ मशिदीत कधी आलेले नाहीत. मी खुर्चीवर बसून नमाज पढतो. सफीच्या टोकाला खुर्च्या ठेवलेल्या असतात, ज्याला गरज आहे तो बसतो, कुणी त्याच्याकडे टक्केवारी मागत नाही.

टक्केवारीवरून आठवलं. आस्थापना शाखेचं पहिलं वाक्य असतं, 'चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र आहे का?' नसेल तर विषय संपला अशी त्यांची समजूत. ही समजूत चुकीची आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात चाळीस टक्क्यांची अट आहे ती नोकरीतल्या आरक्षणासारख्या लाभांसाठी. कामाच्या पद्धतीत वाजवी बदल करून मिळणं ही वेगळी गोष्ट आहे. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता, चाळीस टक्के अपंगत्व नाही म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने म्हटलं, वाजवी सोयीचा हक्क त्या टक्क्यांना बांधता येणार नाही. याच कायद्याचं कलम २० सरकारी आस्थापनांना दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी अशी सोय करायला सांगतं. खासगी कंपनीला ते कलम तसंच्या तसं लागू नाही, पण समान संधीचं धोरण जाहीर करण्याचं कलम २१ तिलाही लागू आहे. तिथे काम करणाऱ्याने आधी ते धोरण मागावं. कित्येक ठिकाणी ते मागितल्यावरच लिहिलं जातं.

अर्ज कसा करायचा, हेही सांगतो. 'मला पाठीचा त्रास आहे, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' अशा अर्जावर साहेबाला काहीच ठरवता येत नाही, आणि सहानुभूती ही मेहेरबानी असल्याने ती बदलीबरोबर जाते. मी तीन गोष्टी मागितल्या. पहिली, हजेरी पावणेदहाऐवजी पावणेअकराला आणि सुटी तासभर उशिरा. दुसरी, उभं राहून लिहिता येईल असं उंच टेबल आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने पाच मिनिटं उठण्याची मुभा. तिसरी, अभिलेख कक्षातल्या खालच्या कप्प्यांतले गठ्ठे काढण्याचं काम दुसऱ्याकडे, आणि त्याबदल्यात संध्याकाळच्या जावक टपालाच्या नोंदी माझ्याकडे. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली तीही तशीच. तिच्यात आजाराच्या नावाबरोबर सकाळी किती वेळ वाकता येत नाही, सलग किती वेळ बसू नये आणि किती वजन उचलू नये हे लिहून घेतलं. 'विश्रांतीचा सल्ला' या दोन शब्दांनी माझं नुकसानच झालं असतं, कारण विश्रांतीने मी ताठतो. शेवटी लिहिलं, तीन महिने करून बघावं, मग फेरविचार व्हावा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. तोंडी 'बघू' या शब्दाला आवक क्रमांक नसतो.

एका आक्षेपात मात्र तथ्य आहे. सकाळचा तो तास कोण सांभाळणार? आमच्या शाखेत पाच पदं, माणसं तीन. मी उशिरा आलो तर पहिल्या तासाची खिडकी दुसऱ्याच्या गळ्यात पडते, आणि त्या बाईंचा राग मला समजतो. पण तो राग माझ्यावर काढण्यात कार्यालयाची सोय आहे. दोन पदं रिकामी कुणी ठेवली? कायदाही अवाजवी बोजा पडेल असा बदल मागू देत नाही. त्यामुळे बोजा खरंच पडतो का, हे प्रमुखाने कामाची फेरमांडणी करून, कागदावर दाखवलं पाहिजे. ते न करता 'तुमचं तुम्ही आपसांत जुळवून घ्या' म्हटलं की आजारी माणूस सहकाऱ्याचा देणेकरी होतो, आणि साहेब मोकळे. मी म्हणूनच बाईंना विनंती केली नाही. साहेबांना म्हटलं, खिडकीचा आदेश तुम्ही काढा, बाईंची संध्याकाळची नोंद माझ्याकडे दिल्याचंही त्यात लिहा. आदेश निघाला त्या आठवड्यापासून बाई सहा वाजता घरी जाऊ लागल्या आणि माझ्या पाठीबद्दलचं त्यांचं संशोधन थांबलं.

तीन महिने झाले. जावक नोंदी त्याच दिवशी पुऱ्या होतात हे रजिस्टरवरून दाखवता आलं, म्हणून वेळेचा बदल पुढे सहा महिने वाढला. व्हरांड्यातल्या येरझारांवर दोघेजण अजून बोलतात. उंच टेबलाचा कागद लेखा शाखेत अडकला आहे. तोवर मी दोन जुन्या रजिस्टरांच्या थप्प्यांवर फळी टाकून उभ्याने लिहितो. त्या फळीबद्दलही परवा एकाने विचारलं, परवानगी घेतली आहे का म्हणून.