पैसे गेले, तिकीट कुठंय?

गणपतीला गावी जायचंय. एसी बसची दोन तिकिटं, 2,340 रुपये. यूपीआयचा पिन टाकला, बँकेचा डेबिटचा एसएमएस आला आणि स्क्रीनवरचं चक्र मात्र फिरतच राहिलं. तिकीट नाही! आमच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं 10 तारखेला अगदी हेच झालं.

अशा वेळी हात शिवशिवतात, सीट जाण्याआधी पुन्हा पैसे भरून टाकावेसे वाटतात. जरा थांबा. आधी साइटवरचं ‘माय बुकिंग्ज’ बघा. कधीकधी कन्फर्मेशन उशिरा येतं आणि मग चार तिकिटं हातात पडतात. त्यातली दोन रद्द करायची तर कॅन्सलेशन चार्ज तुमच्याच खिशातून.

बुकिंग नसेलच तर यूपीआय ॲपच्या हिस्टरीत जाऊन त्या व्यवहाराचा बारा आकडी रेफरन्स नंबर, म्हणजे यूटीआर, उतरवून घ्या आणि स्क्रीनशॉट काढा. मग कंपनीला ईमेलवर एकच प्रश्न विचारा: ‘या यूटीआरचं पेमेंट तुमच्याकडे आलंय का?’ सगळी गोम या उत्तरात आहे. ‘आलंय’ म्हणाले, तर तिकीट किंवा रिफंड देणं हे त्यांचं काम. तिथे बँकेशी भांडून उपयोग नाही. ‘आलेलं नाही’ म्हणाले, तर तोच ईमेल जोडून ॲपमध्ये त्या व्यवहारावर आणि आपल्या बँकेकडे तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक घ्यायला विसरू नका.

या दुसऱ्या प्रकारासाठी रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2019 चा नियम आहे. खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराला कन्फर्मेशन मिळालं नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. ऑनलाइन कार्ड पेमेंटलाही हाच हिशेब. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई, तीही न मागता! सुट्ट्या वगळायच्या नाहीत, कॅलेंडरचे दिवस मोजायचे.

मैत्रिणीची मुदत 15 तारखेला संपली. पैसे आले 18 ला, पण नुसते 2,340. तिने तारखा मांडून बँकेला लिहिलं, तेव्हा वरचे तीनशे जमा झाले. ‘न मागता’ हे कागदावर असतं, प्रत्यक्षात मागावं लागतं.

बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकटात तक्रार करता येते.

आणि हो, कस्टमर केअरचा नंबर सर्च करून शोधू नका, ॲपमधलाच किंवा कार्डामागचाच घ्या. पैसे परत मिळवायला पिन कधीच लागत नाही. कुणी मागितला, तर समजा, हे महाशय उरलेले पैसे न्यायला आलेत!