गल्ल्याचा चढउतार
सोलापुरातले आमचे एक चादरवाले स्नेही म्हणाले, "मास्तर, रोजचा गल्ला दहा हजारांच्या किती खालीवर धरू? सूतवाल्याचे देणे त्यावरच भागते." मी वही घेतली.

समजा, दिवसाला सरासरी २५ गिऱ्हाइके, चढउतार ५. प्रत्येकाची खरेदी सरासरी ४०० रुपये, चढउतार ३००. गिऱ्हाइके नेमकी २५ धरली, तर चढउताराचा वर्ग २५ × ३००² = २२,५०,०००; म्हणजे चढउतार १,५०० रुपये. पण गिऱ्हाइकेही कमीजास्त होतात आणि दर गिऱ्हाइकामागे अपेक्षित गल्ला ४०० रुपयांनी हलतो. म्हणून ५² × ४००² = ४०,००,००० मिळवायचे. बेरीज ६२,५०,०००, वर्गमूळ २,५००! 

मात्र गड्ड्याच्या यात्रेत गर्दीबरोबर दरडोई खरेदीही वाढली, तर हे गणित तोकडे पडेल.