दुसरी गाडी आणि न झालेल्या फेऱ्या

दिवाळीपासून आमच्या घरात एकच विषय होता: दुसरी गाडी घ्यायची का? मी सकाळी गाडी घेऊन नारायणगुड्याहून हायटेक सिटीला जायचो आणि ती तिथे नऊ तास नुसती उभी असायची. इकडे बायको, मुलगी आणि आई यांचं सगळं कॅबवर चालायचं.

शोरूममध्ये आम्हाला फक्त हप्ता सांगितला. मी घरी येऊन वेगळा हिशेब मांडला. गाडी हातात पडेपर्यंत 8 लाख. आठ वर्षांनी विकताना 2.4 लाख मिळतील असं धरलं, तर वर्षाला 70 हजारांची घट. अडकलेल्या पैशाचं व्याज सुमारे 36 हजार, विमा 18 हजार, सर्व्हिसिंग आणि टायर 12 हजार. म्हणजे गाडी जागेवरून न हलताही महिन्याला साधारण 11,300 रुपये.

मग महिनाभर फ्रिजवर कागद लावला. घरची गाडी नाही म्हणून कॅब करावी लागली, की त्यावर एक खूण. अशा 14 फेऱ्या झाल्या, सरासरी भाडं 280 रुपये. स्वतःच्या गाडीला त्याच फेरीत 95 रुपयांचं पेट्रोल लागलं असतं, म्हणजे फेरीमागे बचत 185. या हिशेबाने गाडी परवडायला महिन्याला साठच्या वर फेऱ्या हव्यात, रोजच्या दोन!

मी विजयी मुद्रेने कागद दाखवला. आई म्हणाली, "आणि मी गेलेच नाही, ते कुठे लिहिलंयस?"

कॅब माझ्या फोनवरून बुक व्हायची, ओटीपी मला यायचा आणि मी मीटिंगमध्ये असायचो. त्यामुळे तिने फिजिओथेरपी चार वेळा बुडवली होती आणि काचीगुड्याला मावशीकडे जाणं तर सोडूनच दिलं होतं. अशा न झालेल्या फेऱ्या मोजल्या तर नऊ निघाल्या. एकूण 23. गाडी तरीही परवडत नव्हती, पण प्रश्न गाडीचा नव्हताच. आईला दर वेळी मला विचारावं लागत होतं, हा खरा प्रश्न होता.

आता आठवड्यातून तीन दिवस मी मेट्रोने जातो. परेड ग्राउंडला लाइन बदलावी लागते, पण स्टेशन घरापासून चालत सात मिनिटांवर आहे. त्या दिवशी गाडी बायकोकडे असते. फिजिओथेरपीच्या दिवसांसाठी कोपऱ्यावरच्या ऑटोवाल्याशी महिन्याचं ठरवलंय. तो आईलाच फोन करतो. कॅबचं ॲपही आता तिच्या स्वतःच्या फोनवर आहे.

स्टेशन लांब असतं किंवा घरात कुणाची रात्रपाळी असती, तर आमचं उत्तर कदाचित वेगळं आलं असतं. तुम्हीही महिनाभर कागद लावून पाहा, पण त्यावर दोन रकाने करा: झालेल्या फेऱ्या आणि न झालेल्या.

शुक्रवारी आई मावशीकडे जाऊन आली. मला ते रात्री जेवताना कळलं.