पुण्याचा 'बर्गर किंग' आणि आपल्या वऱ्हाडातल्या दुकानांच्या पाट्या

पुण्याच्या कॅम्पात एका इराणी कुटुंबाचं 'बर्गर किंग' नावाचं हॉटेल १९९२ च्या सुमारापासून सुरू आहे. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने भारतात पहिलं दुकान उघडलं २०१४ मध्ये, पण नावाची नोंदणी इथे १९७९ मध्येच करून ठेवली होती. कंपनीने २०११ मध्ये पुण्यात दावा लावला. २०२४ मध्ये जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत हॉटेलला नाव वापरायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली.

बातमी आली तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांनी एवढंच घेतलं की 'आधीचा दुकानदार जिंकतो'. गोष्ट इतकी सरळ नाही. ट्रेड मार्क कायद्याचं कलम ३४ जुन्या वापरणाऱ्याला संरक्षण देतं हे खरं, पण अट अशी की त्याचा वापर समोरच्याच्या वापराच्याही आधीचा हवा आणि नोंदणीच्याही आधीचा हवा. पुण्याचं हॉटेल कंपनीच्या दुकानाच्या बावीस वर्षं आधीचं, पण १९७९ च्या नोंदणीनंतरचं. आमच्या मते खरी अडचण इथेच आहे.

आता हेच अमरावती-अकोल्यात आणून बघू. समजा, इतवारा बाजारात २००९ पासून 'मोगरा बेकरी' आहे. शॉप अॅक्ट आहे, फूड लायसन्स आहे, जीएसटी आहे. मालकाला वाटतं नाव आपलं झालं. नाही झालं. हे कागद धंद्याची परवानगी देतात, नावाची मालकी देत नाहीत. २०२४ मध्ये अकोल्यात कुणी 'न्यू मोगरा बेकर्स' उघडून त्या नावाने अर्ज टाकला, तर काय?

पहिली गोष्ट, 'न्यू' लावल्याने नाव वेगळं होत नाही. गिऱ्हाईक 'मोगरा'च लक्षात ठेवतं, आणि कोर्टही गिऱ्हाइकाच्या कानाने ऐकतं. दुसरी गोष्ट, अर्ज तपासून झाला की तो ट्रेड मार्क जर्नलमध्ये छापला जातो. त्यापासून ४ महिन्यांत कुणालाही लेखी विरोध करता येतो. ही मुदत वाढवून मिळत नाही. ती हुकली तर नोंदणी रद्द करून घेण्याचा अर्ज करावा लागतो, म्हणजे जास्त वेळ, जास्त खर्च. ipindia.gov.in वर नाव शोधता येतं, उच्चारानेही. महिन्यातून एकदा बघायला दहा मिनिटं लागतात.

विरोध करताना हातात पुरावा हवा. नाव छापलेलं सर्वात जुनं बिल, मैद्याच्या घाऊक व्यापाऱ्याचं आपल्या नावावरचं बिल, पाटी रंगवल्याची पावती, वर्तमानपत्रातली ईदची जाहिरात, आणि मधल्या प्रत्येक वर्षाचं काही ना काही, कारण वापर सलग दाखवावा लागतो. आपल्याकडे जुन्या बिलबुकांची रद्दी दिवाळीला नाहीतर रमजानच्या साफसफाईत निघते. ती विकू नका, भाई.

स्वतःचा अर्ज टीएम-ए फॉर्मवर होतो. एका माणसाच्या नावाने ऑनलाइन भरला तर एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये. बेकरीचा माल वर्ग ३० मध्ये, हॉटेल ४३ मध्ये. फॉर्ममध्ये 'वापर केव्हापासून' असा रकाना आहे. घाईतला एजंट तिथे 'पुढे वापरणार' असं टिकवून मोकळा होतो, आणि २००९ पासूनची सगळी मेहनत कागदावरून जाते. तो रकाना स्वतः वाचा. तारीख लिहून सोबत प्रतिज्ञापत्र आणि बिलं जोडा.

अकोलेवाल्याला आधी वकिलामार्फत नोटीस जाते. बरेच दुकानदार तिथेच पाटी बदलतात. नाही बदलली तर दावा जिल्हा न्यायालयात. आपली नोंदणी झालेली असेल तर तो अमरावतीतच लावता येतो. नसेल तरी 'आपल्या नावावर स्वतःचा माल खपवतो' म्हणून दावा होतो, पण मग अकोल्यातलं गिऱ्हाईकही आपल्याला ओळखतं हे सिद्ध करायची जबाबदारी आपली. आणि त्याची नोंदणी झाल्यावर माहीत असूनही सलग ५ वर्षं गप्प बसलो, तर कायदा सहसा 'तुमची संमती होती' असंच धरतो.

नाव ठेवतानाच एक पाहावं. 'शुद्ध खारी', 'बेस्ट टेलर' ही मालाची वर्णनं आहेत, त्यांवर एकट्याचा हक्क मिळणं कठीण. धार्मिक नावांचंही तसंच. अगरबत्तीच्या 'रामायण' नावावर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धर्मग्रंथाचं नाव कुणा एकाचं होऊ शकत नाही. त्या निकालात कुरआन आणि बायबलचाही उल्लेख आहे. बरकतीसाठी असं नाव जरूर ठेवा, पण शेजारच्यानेही तेच ठेवलं तर त्याला थांबवता येईल असं धरून चालू नका. मोगऱ्याचा बेकरीशी काही संबंध नाही, म्हणूनच ते नाव टिकतं.