पाहिलेलें आणि ऐकलेलें

आम्हांस एक विहीर आठवते. दोन वर्षांचे असतांना आम्हीं आजोबांचा चष्मा तींत टाकला, आणि रागावण्याऐवजीं आजोबा पोट धरून हंसत सुटले. आत्याबाई दर सुटींत ही हकीकत सांगत. पुढें पुढें आम्हीही "आठवतें तर!" म्हणून तींत भर घालूं लागलों. परवां मात्र मनांतील तें चित्र जरा निरखून पाहिलें. त्यांत विहिरीच्या कांठावर लाल टोपडें घातलेलें एक मूल दिसतें, आणि तें मूल म्हणजे आम्हीच! स्वतःचें टोपडें स्वतःच्या डोळ्यांस कसें दिसावें? जेथून तें दिसेल, तेथें त्या वेळीं आत्याबाई उभ्या होत्या.

एवढ्यावरून निकाल देतां येत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. खऱ्या आठवणींतही, त्या जुन्या झाल्या म्हणजे, मनुष्य स्वतःस बाहेरून पाहूं लागतो. शिवाय चित्र स्पष्ट आहे, म्हणून तें खरें, असेंही नव्हे. जाँ पियाजे हा स्विस मानसशास्त्रज्ञ १८९६ सालीं जन्मला. आपण दुसऱ्या वर्षांत असतांना पॅरिसच्या रस्त्यावर एका इसमानें आपणांस बाबागाडींतून पळविण्याचा यत्न केला, दाईनें त्यास अडविलें, तिच्या तोंडावर ओरखडे उठले, इतक्यांत पोलीस आला व तो इसम पळाला, हें सारें त्यास डोळ्यांपुढें दिसे. पियाजे सुमारें पंधरा वर्षांचा असतांना त्या दाईचें पत्र आलें. ती मुक्तिफौजेंत दाखल झाली होती. आपण सारी गोष्ट रचली, ओरखडेही आपणच काढले, असें कळवून तिनें बक्षीस मिळालेलें घड्याळ परत केलें. मुलानें घरांत ऐकलेल्या गोष्टीचेंच चित्र मनांत उभें केलें होतें.

यांत एक मौज आहे. तो प्रसंग भुयारी रेल्वेच्या स्टेशनाजवळ घडला, असें पियाजेस वाटे. आणि पॅरिसची ती रेल्वे सुरू झाली १९०० सालीं! अशी मागाहून आलेली वस्तु चित्रांत सांपडली, तर निदान तेवढा भाग तरी नंतरचा, असें समजावें. वयही पाहावें, तीन वर्षांपूर्वींचें आपलें आपणांस क्वचितच आठवतें. आणि वडील मंडळींस विचारण्यापूर्वीं आपणांस जें आठवतें तें कागदावर उतरून ठेवावें; एकदां ऐकल्यावर दोन्ही निवडणें कठीण.

विहिरीची गोष्ट आम्ही आतां "असें सांगतात" म्हणूनच सांगतों. तिच्याऐवजीं दुसरी एक आठवण आमची म्हणावीशी वाटते. दुपारची वेळ, कणगीमागची सारवलेली जमीन, तिला गाल लावून आम्ही पडलों आहों, आणि डोळ्यांशेजारून एक मुंगी दाणा ओढीत चालली आहे. येथें आमचें तोंड आम्हांस दिसत नाहीं. सांगण्यासारखेंही यांत कांहीं नाहीं. म्हणून ती कोणीं सांगितली नसावी. आत्याबाईंस विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, "छे रे, कणगीमागें तुला कोण जाऊं देतो?"