पॉलिसी ‘लॅप्स’ झाल्याचे पत्र आले? सरेंडरवर सही करण्याआधी आणखी एक आकडा मागा

आयुर्विमा कंपनीचे पत्र येते. त्यात ‘लॅप्स’, ‘पेड-अप’ आणि ‘सरेंडर व्हॅल्यू’ हे तीन शब्द असतात. बहुतेकांची नजर पहिल्या शब्दावर अडकते, पैसे बुडाले असे वाटते आणि मिळेल ते घेऊन मोकळे व्हावे म्हणून सरेंडरचा अर्ज भरला जातो. अनेकदा घाई होते ती इथेच.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मार्च 2020 मध्ये घेतलेली 20 वर्षांची एंडोमेंट पॉलिसी, विमा रक्कम 5 लाख, वार्षिक हप्ता 26 हजार. सहा हप्ते भरले, म्हणजे 1 लाख 56 हजार रुपये गेले. मार्च 2026 चा हप्ता राहिला. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते (मासिक हप्त्याला 15), तीही संपली आणि पत्र आले.

ही पॉलिसी खरोखर लॅप्स झाली का? कंपन्या हा शब्द सैलपणे वापरतात. विमा कायद्याच्या कलम 113 नुसार ज्या पॉलिसीला सरेंडर मूल्य आले आहे, ती केवळ पुढचे हप्ते थांबल्यामुळे संपत नाही. कमी रकमेवर चालू राहते. हेच पेड-अप. पूर्ण अर्थाने लॅप्स होते ती अगदी सुरुवातीलाच हप्ते थांबलेली पॉलिसी. जुन्या पॉलिसींना हे मूल्य येण्यासाठी दोन किंवा तीन वर्षांचे हप्ते भरावे लागत. ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या नियमांत एका वर्षाच्या पूर्ण हप्त्यानंतरही सरेंडरची रक्कम मिळू शकते. सहा हप्ते भरलेल्याने घाबरण्याचे कारण नाही.

आता पेड-अपचा हिशेब. 20 पैकी 6 हप्ते भरले, म्हणून 5 लाखांचे सहा-विसांश, म्हणजे दीड लाख. त्यात तोवर जमा झालेला बोनस मिळवायचा. तो वर्षाला 20 हजार धरला तर 1 लाख 20 हजार. एकूण 2 लाख 70 हजार रुपये मार्च 2040 मध्ये मिळतील, एकही हप्ता न भरता. मधे मृत्यू झाला तर वारसांनाही साधारण तेवढेच. पाच लाखांचे छत्र अर्ध्यावर आले, ही पेड-अपची खरी किंमत. शिवाय पुढचा बोनस सहसा थांबतो.

सरेंडर व्हॅल्यू म्हणजे हीच पेड-अप रक्कम आजच हवी असेल तर कंपनी काय देईल तो आकडा. चौदा वर्षे आधी मागितल्याने ती कापून दिली जाते. समजा पत्रात 1 लाख 2 हजार लिहिले आहेत. भरलेल्या 1 लाख 56 हजारांशी तुलना केली की संताप येतो, पण ती तुलना निरुपयोगी आहे. ते पैसे गेलेच. खरी तुलना आजचे 1 लाख 2 हजार आणि 2040 मधले 2 लाख 70 हजार यांची. हा फरक वर्षाला साधारण सव्वासात टक्के व्याजाएवढा भरतो. सरेंडरचे पैसे यापेक्षा चांगल्या ठिकाणी, तेवढ्याच निर्धोकपणे गुंतवता येणार असतील किंवा घरात खरीच निकड असेल, तर सरेंडर योग्य. ‘ही मोडा आणि नवी घ्या’ असे सांगणाऱ्या एजंटला मात्र या दोन आकड्यांपुढे बसवावे. नव्या पॉलिसीत पहिल्या वर्षाचे कमिशन त्याला पुन्हा मिळते.

गैरसोय अशी की पत्रात सरेंडरचा आकडा ठळक असतो आणि पेड-अपचा बहुधा नसतोच. दोन्ही शेजारी छापणे कंपन्यांना अवघड नाही. तोवर शाखेत लेखी कोटेशन मागावे. त्यात गॅरंटीड आणि स्पेशल अशा दोन्ही सरेंडर व्हॅल्यू विचाराव्यात, कारण जी जास्त ती देय असते. पॉलिसीवर कर्ज असेल तर ते व्याजासह वजा केले आहे का, हेही पाहावे. पेड-अप पॉलिसीवरचे कर्ज फेडले नाही तर व्याज वाढत मूल्यापलीकडे जाते आणि कंपनी पॉलिसी बंद करू शकते.

आणि छत्र पुन्हा पाच लाखांचेच हवे असेल तर? अशा पॉलिसीत पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून सहसा पाच वर्षांत ती पुन्हा सुरू करता येते. इथे मार्च 2031 पर्यंत. थकलेले हप्ते व्याजासह भरावे लागतात, तब्येतीची माहिती द्यावी लागते, गरज पडल्यास तपासणीही होते. त्या फॉर्ममधले मधुमेह-रक्तदाबाचे रकाने एजंटवर न सोडता स्वतः भरावेत. पॉलिसी पुन्हा सुरू झाल्यावर चुकीच्या माहितीवरून आक्षेप घेण्याची तीन वर्षांची मुदत कंपनीला नव्याने मिळते.