कोटी कोटी क्षमा नको, एक पुरे



दशलक्षण पर्व अनंत चतुर्दशीला संपतं आणि भाद्रपद वद्य प्रतिपदेला क्षमावाणी येते. त्या दिवशी मंदिरातून पूजा आटोपून घरी येईपर्यंत मोबाईलमध्ये शे-दीडशे क्षमा येऊन पडलेल्या असतात. त्यातली एकही मनाला लागत नाही. माझं स्पष्ट मत आहे की दोष मोबाईलचा नाही, घाईचाही नाही. दोष आपल्या लिहिण्याचा आहे. आपण क्षमा मागत नाही, क्षमेची जाहिरात करतो.

असा एक संदेश घेऊ. दरवर्षी येणाऱ्या अनेकांवरून मी तो जुळवला आहे:

“अंतःकरणाच्या अत्यंत खोल गाभ्यातून कोटी कोटी उत्तम क्षमा!!! मन, वचन, कायेने माझ्याकडून आपले मन दुखावले गेले असल्यास नतमस्तक होऊन शतशः क्षमा मागते!!! आपले प्रेम हीच माझी सर्वात मोठी संपत्ती!!!”

आधी ती नऊ उद्गारचिन्हं काढा आणि पुन्हा वाचा. अर्थ तसूभरही बदलत नाही. म्हणजे ती चिन्हं काही काम करतच नव्हती. हे चिन्ह आपल्या जुन्या हस्तलिखितांत नव्हतं, तिथे दंड असे. इंग्रजी धर्तीची विरामचिन्हं मराठीत एकोणिसाव्या शतकात छापखान्याबरोबर आली. ‘अरेरे’, ‘अहाहा’, ‘शाबास’ अशा शब्दांपुढे उद्गारचिन्ह शोभतं, कारण तिथे तोंडून खरोखर उद्गार निघतो. क्षमा मागताना माणसाचा आवाज खाली जातो. कागदावर मात्र आपण तो चढवतो. वाचणारीला हा विरोध सांगता येत नसेल, पण जाणवतो.

आता विशेषणं. ‘अत्यंत’, ‘खोल’, ‘कोटी कोटी’, ‘शतशः’, ‘सर्वात मोठी’. पहिल्या ओळीत क्षमा कोटीने मागितली, दुसऱ्या ओळीत ती शंभरावर आली. लिहिणारीने हिशेब केलेला नाही, कारण ते शब्द तिचे नाहीतच, तयार मिळालेले आहेत. मोठा आकडा पाहिला की वाचणारी मनातल्या मनात तो कमी करते, जसं बाजारात सांगितलेल्या भावाचं करतो. शिवाय ‘उत्तम’ हा शब्दच संस्कृतात ‘सर्वात वरचा’ अशा अर्थाचा आहे. आपल्या दहाही धर्मांच्या आधी तो आहे. शास्त्राने लावलेलं एक श्रेष्ठपद तिथे असताना त्यावर कोटी कशाला चढवायच्या?

शेवटची संपत्तीची ओळ सरळ काढून टाका. क्षमेच्या चिठ्ठीत कौतुक आलं की ती लाडीगोडी होते. उरलं ते इतकं: “उत्तम क्षमा. माझ्याकडून आपले मन दुखावले गेले असल्यास क्षमा मागते.” दूरच्या नातेवाइकांना, मंदिरात वर्षातून चारदा भेटणाऱ्यांना हे पुरेसं आहे आणि खरंही आहे. त्यांचं मन कधी दुखावलं का, हे आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून तिथला ‘असल्यास’ प्रामाणिक आहे.

पण जिचं मन दुखावलं हे पक्कं ठाऊक आहे, तिला ‘असल्यास’ लिहिणं ही पळवाट आहे. समजा, दोन जावा आहेत. सासूबाई आजारी असताना धाकटी दोन रात्री दवाखान्यात जागली. घरी भेटायला आलेल्या पाहुण्यांसमोर थोरली म्हणाली, “हिचं काय, ही दुपारची पाहुणी.” तेव्हापासून दोघींत कामापुरतं बोलणं आहे. क्षमावाणीला थोरलीने वरचा कोटी कोटीचा संदेश धाकटीला पाठवला, तर काय होईल? धाकटी हात जोडलेलं चित्र परत पाठवेल आणि गाठ आणखी घट्ट बसेल, कारण आता ‘क्षमा मागून झाली’ असं म्हणायला थोरली मोकळी.

इथे शब्द काढून भागत नाही, त्या जागी घडलेली गोष्ट ठेवावी लागते. प्रतिक्रमणातली आलोचना हेच सांगते: दोष नाव घेऊन सांगायचा. थोरलीने असं लिहावं:

“आईंच्या आजारपणात तू दोन रात्री जागलीस. पाहुण्यांसमोर मी तुला दुपारची पाहुणी म्हणाले. ते खोटं होतं आणि मला माहीत होतं. त्या पाहुण्यांना मी खरं काय ते सांगितलं आहे. मला क्षमा कर.”

यात एकही उद्गारचिन्ह नाही, एकही ‘अत्यंत’ नाही. पण ही चिठ्ठी दुसऱ्या कोणालाही पाठवता येणार नाही. माझी कसोटी हीच. वरचं नाव बदलून चिठ्ठी शेजारणीला चालत असेल, तर ती अजून कोणासाठीच लिहिलेली नाही.

क्रियापदाकडेही पाहा. ‘मी म्हणाले’ आणि ‘माझ्याकडून बोललं गेलं’ यांत फार अंतर आहे. दुसऱ्यात बोलणारी लपते, जणू शब्द आपोआप बाहेर पडले. मराठीत जोर द्यायचा तर आपल्याकडे छोटासा ‘च’ आहे. ‘ते मीच म्हणाले’ यात जेवढा भार आहे, तेवढा तीन उद्गारचिन्हांत नाही. मात्र तोही चिठ्ठीत एकदाच. ओळीओळीला ‘च’ आला की पुन्हा आरडाओरडा सुरू. आणि शेवटी ‘पण’ नको. ‘क्षमा कर, पण तेव्हा मी फार थकले होते’ म्हटलं की क्षमा मागे पडते आणि सफाई पुढे येते.

काही जणी म्हणतात, साधं लिहिलं तर रूक्ष वाटतं, वडीलधाऱ्यांना उद्धट वाटतं. कधीकधी वाटतं, हे खरं आहे. नुसतं छाटत गेलं तर चिठ्ठीची नोटीस होते. त्यावर उपाय मात्र चिन्हं परत लावणं हा नाही. आत्याबाईंना ‘आपण’ म्हणा, ‘नमस्कार’ लिहा, ‘गेल्या चातुर्मासात तुम्ही बोलावलंत आणि मी आले नाही’ असं एक खरं वाक्य घाला. ऊब त्या वाक्यातून येते. आनंदाच्या प्रसंगी, कोणाच्या अठ्ठाईचं पारणं झालं तर ‘शाबास!’ खुशाल लिहा. तिथे उद्गार खरा आहे.

शेवटी दहा धर्मांतल्या तिसऱ्याची आठवण. आर्जव म्हणजे सरळपणा, मनात, बोलण्यात आणि करण्यात एकच असणं. आपल्या रोजच्या मराठीत मात्र ‘आर्जवं करणं’ म्हणजे गयावया करणं झालं. क्षमावाणीच्या संदेशांचंही नेमकं तेच झालं आहे. सरळ सांगायचं ते सोडून आपण गयावया लिहितो, तीही सगळ्यांना एकच.

म्हणून यंदा शंभरांना पाठवायचा तो साधा दोन ओळींचा संदेश पाठवा. आणि तीन चिठ्ठ्या वेगळ्या लिहा. कोणाला, ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. लिहून झालं की मोठ्याने वाचा. जे वाक्य तिच्या समोर बसून बोलायला जीभ अडखळेल, ते बहुधा सजवलेलं आहे. ते खोडा. पण जे बोलताना लाज वाटते, ते ठेवा.

उत्तम क्षमा.